‘नवसागर’ या विद्यार्थी लघुपटासाठी प्रायोजकत्वाची विनंती

दि. ४ डिसेंबर २०२५
प्रति,
भांडी बाजार, मेन रोड व रविवार कारंजा परिसरातील सर्व दुकानदार, नाशिक

सप्रेम नमस्कार,

आम्ही १४ विद्यार्थी कल्हईवाल्यावर १२ मिनिटांचा मराठी लघुपट करत आहोत. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर उठतो आणि कापसाच्या बोळ्यामागून कथील चांदीसारखं पसरत जातं. ते दृश्य भांडी बाजारातच टिपायचं आहे. चित्रीकरण १९, २० व २१ डिसेंबरला सकाळी ६:३० ते ९:३० या वेळेत होईल, म्हणजे गिऱ्हाइकीच्या आधी आम्ही सामान आवरलेलं असेल. परवानगीसाठी अर्ज दिला आहे. ती हातात आल्याशिवाय रस्त्यावर कॅमेरा लावणार नाही.

खर्च असा: कॅमेरा व लेन्सचं तीन दिवसांचं भाडं १३,५०० रुपये, ध्वनिमुद्रण ७,५००, दिवे ४,०००, चहा-नाश्ता व जेवण ८,४००, टेम्पो ३,०००, दोन हार्ड डिस्क ९,०००, ध्वनिमिश्रण ६,००० आणि अडीअडचणीसाठी ३,६००. एकूण ५५,००० रुपये. दोन डिस्क ही चैन वाटेल, पण एकच प्रत असली आणि ती बिघडली तर तिन्ही दिवस वाया जातात. संकलन आम्हीच करणार, त्याचे पैसे धरलेले नाहीत. आमची वर्गणी १९,००० जमली आहे. उरलेले ३६,००० म्हणजे बारा दुकानांचे प्रत्येकी ३,०००.

३,००० रुपयांना शेवटच्या श्रेयनामावलीत दुकानाचं बोधचिन्ह आणि प्रथम प्रदर्शनाच्या दोन प्रवेशिका. १,००० रुपयांना श्रेयनामावलीत नाव. कथेच्या आत मात्र जाहिरात घेणार नाही. बोधचिन्हाची मूळ फाईल द्यावी, व्हिजिटिंग कार्डाचा फोटो पडद्यावर फाटतो. नाव पाटीवर जसं आहे तसंच लिहू आणि छापील नमुना दाखवून तुमची सही घेऊ. महोत्सवांना आधी पाठवायचा असल्याने लघुपट लगेच यूट्यूबवर येणार नाही, हे आधीच सांगतो.

रोख जमत नसेल तर चौदा जणांचा एका सकाळचा नाश्ता, किंवा दोन एलईडी दिव्यांपुरता एक प्लग, हीसुद्धा मोठी मदत. आणि एक विनंती सगळ्यांनाच: आम्ही सांगू तेव्हा दहा मिनिटं फ्रिज बंद ठेवावा. त्याची घरघर कानाला जाणवत नाही, माइकला जाणवते; नंतर ती काढायला गेलं की संवादही पोकळ होतात.

प्रत्येक रकमेची पावती मिळेल. ती ८०जी ची नाही, त्यामुळे हा खर्च कसा दाखवायचा ते आपल्या सीएंना विचारावं. चित्रीकरण रद्द झालं तर रक्कम परत. विभागप्रमुखांचं पत्र व कथासार सोबत जोडलं आहे.

सोमवार, ८ डिसेंबरला दुपारी २ ते ४ या वेळेत आमच्यापैकी दोघं ओळखपत्र व पावतीपुस्तक घेऊन आपल्या दुकानी येतील. गिऱ्हाईक असेल तर बाहेर थांबू.

आपले नम्र,
‘नवसागर’ निर्मिती गट, नाशिक