व्यवस्थापक समिती सभेचे इतिवृत्त : डावा रकाना (मराठी पाठ)

सहकारी गृहनिर्माण संस्था, ठाणे. रविवार, दि. १३ जुलै २०२५, सकाळी १०.३०, संस्थेचे कार्यालय. अध्यक्षांसह सात सदस्य हजर, गणपूर्ती झाली.

विषय १. दि. ८ जून रोजीच्या सभेचे इतिवृत्त कायम करणे.
सदनिका ४०२ च्या सदस्यांनी हरकत घेतली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे काम ताबा दिल्यापासून "पंधरवड्याच्या आत" पुरे करावे, असे डाव्या रकान्यात आहे. उजव्या, इंग्रजी रकान्यात "फोर्टनाइट" असा शब्द आहे. पंधरवडा १५ दिवसांचा, फोर्टनाइट १४ रात्रींचा. ताबा ९ जूनला दिला, काम २४ जूनच्या संध्याकाळी संपले. मराठीप्रमाणे काम वेळेत झाले. इंग्रजीप्रमाणे एका दिवसाचा दंड, म्हणजे २,००० रुपये. कंत्राटदाराचे बिल त्यामुळेच अडले आहे. हा शब्द आपणच घाईत घातला, असे सचिवांनी सांगितले.

विषय २. दोन्ही पाठांत फरक पडल्यास कोणता ग्राह्य धरावा.
खजिनदार : इंग्रजी धरावा. राज्याच्या अधिनियमांचासुद्धा इंग्रजी पाठच संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार प्राधिकृत असतो.
सचिव : ते अधिनियमांपुरते. आपली चर्चा मराठीत होते, इंग्रजी रकाना आपण रात्री घरी बसून लिहितो. जे सभेत कोणी बोललेच नाही ते वरचढ कसे?
सदनिका ५०३ च्या सदस्यांना मराठी वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "मराठी धरा, माझी ना नाही, पण मग इंग्रजी रकाना मला सही करण्याआधी मिळाला पाहिजे, नंतर नव्हे." मुद्दा सर्वांना पटला.

ठराव : मराठी पाठ ग्राह्य धरावा. एखाद्याने हिंदीत किंवा इंग्रजीत केलेले निवेदन मात्र त्याच्या मूळ शब्दांत नोंदवावे व तेथे तेच शब्द ग्राह्य धरावेत. दोन्ही रकाने सभेनंतर ७ दिवसांत सर्व समिती सदस्यांना पाठवावेत. फरक आढळल्यास खाडाखोड न करता पुढील सभेत दुरुस्तीची नोंद घ्यावी. बँकेला द्यायच्या इंग्रजी प्रतीवर "मराठीवरून अनुवादित" असा शेरा मारावा. मुदत दिवसांच्या आकड्यात व अखेरच्या तारखेसह लिहावी. "परवा" आणि "दोन-चार दिवसांत" हे शब्द इतिवृत्तात येऊ नयेत. (यावर हशा. मागच्या वर्षीची लिफ्टची "दोन-चार दिवसांची" दुरुस्ती सर्वांच्या लक्षात आहे.)
सूचक : सदनिका ४०२. अनुमोदक : सदनिका ५०३. सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर. खजिनदारांचा विरोध त्यांच्या विनंतीवरून नोंदवला.

विषय ३. कंत्राटदाराचे बिल.
वरील ठरावानुसार दंड न कापता बिल द्यावे. धनादेशावर खजिनदारांनी सही करण्याचे मान्य केले. ८ जूनच्या इतिवृत्तातील "फोर्टनाइट"च्या जागी "१५ दिवस, २४ जून २०२५ पर्यंत" अशी दुरुस्ती नोंदवून ते कायम केले.

सभा दुपारी १२.१० वाजता संपली.

सचिव (सही)          अध्यक्ष (सही)