पीएच.डी. प्रवेशासाठी हेतुनिवेदन : धर्म-अध्ययन

प्रस्तावित विषय : आळंदी ते पंढरपूर पायी वारीतील तक्रार, निवाडा आणि मान

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी मुक्कामाच्या तळावर आली की समाजआरती होते. चोपदार हातातला दंड उंच करतात आणि काही क्षणांत हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातात, काय झाले ते विचारतात, तोडगा निघतो आणि मग तो टाळ थांबतो.

2016 साली हे मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होते. खोली आळंदीत होती. इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची पदवी 2013 ची, आणि रोजचे काम पीएलसी पॅनेल, सेन्सर, अलार्म यांचे. साहजिकच मला समाजआरतीत अलार्म दिसला: बाकी सगळे नॉर्मल, एकच सिग्नल फॉल्ट दाखवतोय. त्यावर मी कंपनीत एक प्रेझेंटेशनही केले होते. लोकांना आवडले. आज ते उघडायची मला लाज वाटते.

कारण शॉप फ्लोअरवर अलार्म गप्प करायला 'ॲकनॉलेज'चे बटण असते. बिघाड तसाच ठेवून ते दाबणारे ऑपरेटर मी पाहिले आहेत, शिफ्ट संपत आली असताना मीही दाबले आहे. वाजत्या टाळाला असे बटण नाही. शिवाय तक्रार नेहमी बिघाडाचीच असते असेही नाही. पाण्याचा टँकर आला नाही ही एक तक्रार. दुसऱ्या दिंडीने आमच्या क्रमात घुसखोरी केली ही वेगळीच. रथापुढे कितवी, रथामागे कितवी हा दिंडीचा मान असतो आणि त्याची भरपाई टँकरने होत नाही. वारीला 'व्यवस्थापनाचा चमत्कार' म्हणणारे हे पाहत नाहीत. मीही पाहत नव्हते.

पुढे 2018, 2019 आणि 2022 मध्ये एकाच दिंडीबरोबर पूर्ण वाट चालले. 2019 साली आमच्या बायकांची तक्रार साधीच होती: तळावर शौचालये लांब आणि अंधारात. ती विणेकऱ्यांपर्यंत गेली, त्यांनी मान डोलावली, पण आरतीच्या वेळी आमच्या दिंडीचे टाळ थांबले ते थांबलेच. टाळ पुरुषांच्या हातात होते; आमच्या डोक्यावर तुळस होती. माझा संशोधनप्रश्न तिथून सुरू होतो. वारीत कोणती तक्रार टाळापर्यंत पोहोचते, कोणती वाटेतच विरते, आणि निवाडा मान्य होतो तो कोणाच्या अधिकाराने: चोपदारांच्या, परंपरेच्या की माउलींच्या? तिसऱ्या शक्यतेमुळेच मला हा अभ्यास धर्म-अध्ययनात करायचा आहे. "माउलींसमोर तंटा नको" या वाक्याने वाद मिटताना मी ऐकले आहेत आणि त्याच वाक्याने माणसे गप्प बसवलेलीही पाहिली आहेत.

इरावती कर्वे यांना आपल्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात हे खुपले होते आणि त्यांनी ते लिहून ठेवले. दिंडीतली एकी आणि दिंडीतल्या भिंती एकाच नजरेने पाहायची सवय मला तिथून लागली. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाच्या घडणीचा शोध घेतला. माझा आवाका त्यामानाने फार लहान आहे. एक दिंडी, दोन आषाढी वाऱ्या, चोपदार, विणेकरी आणि तुळस घेऊन चालणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखती, तसेच दिंड्यांचा क्रम ठरवणारी जी जुनी कागदपत्रे मिळतील ती. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजची शिस्त दिली असे मानले जाते. त्या शिस्तीत तक्रारीची ही रीत कधी आली, हे मला तपासायचे आहे.

तत्त्वज्ञानात बहिःस्थ एम.ए. 2023 मध्ये पूर्ण केले आणि यंदा विद्यापीठाची पेट उत्तीर्ण झाले आहे. मोडी वाचता येते, पण हळू. घाईचे हस्ताक्षर असले की अडते. संस्कृत शाळेपुरतेच. क्षेत्रकार्याचे रीतसर प्रशिक्षण मला अजिबात नाही, म्हणून कोर्सवर्कमध्ये संशोधनपद्धतीचा भाग माझ्यासाठी औपचारिकता नसेल. अभियांत्रिकीतून सोबत आणते आहे ती एकच उपयोगी सवय: नोंदवहीत वेळ, जागा आणि कोण हजर होते हे आधी लिहायचे, कारण शेवटी. चारही वाऱ्यांच्या अशा माझ्या सहा वह्या आहेत.

प्रबंध मराठीत लिहायची परवानगी असल्याने मी याच विभागाकडे अर्ज करते आहे. ज्यांच्याविषयी लिहायचे त्या बायकांनी तो वाचून "हे असं नव्हतं" म्हणायला हवे, आणि इंग्रजी प्रबंधावर ते त्यांना म्हणता येणार नाही.

नोकरीचा राजीनामा दिला आहे. नोटिशीची मुदत 31 मे रोजी संपते. दोन वर्षे पुरेल इतकी बचत आहे. प्रवेश मिळाल्यास आषाढीच्या काळात कोर्सवर्कमधून साधारण तीन आठवड्यांची मोकळीक लागेल, एवढी विनंती आताच करून ठेवते.