अ‍ॅनालॉग प्रॅक्टिकल: दहा दिवसांचं वेळापत्रक

आठ प्रयोगांपैकी चिठ्ठीत एकच येणार, पण व्हायवा आठांवरही होतो. रोज दोन तास लॅब, रात्री दीड तास जर्नल. थिअरीचं पुस्तक उघडायचं ते फक्त अडल्यावर.

दिवस १: डायोड आणि झेनर. कॅरेक्टरिस्टिक्स एकदा काढा, झेनरला सीरिज रेझिस्टर का लागतो ते तोंडी सांगून बघा, आणि पुढे चला.

दिवस २: रेक्टिफायर. रिपल फॅक्टर हाफ-वेव्हला 1.21, फुल-वेव्हला 0.48. पीआयव्ही सेंटर-टॅपला 2Vm, ब्रिजला Vm; हा प्रश्न ठरलेलाच. ब्रिजचं इनपुट आणि आउटपुट सीआरओवर एकदम पाहायला जाऊ नका. दोन्ही चॅनेलचं ग्राउंड आतून एकच असतं, त्यामुळे एक डायोड शॉर्ट होतो.

दिवस ३, ४, ५: सीई अ‍ॅम्प्लिफायर. तीन दिवस जास्त वाटतील, पण सगळ्यात जास्त मुलं इथेच अडकतात.
तिसऱ्या दिवशी सिग्नल लावायचाच नाही, नुसतं डीसी. VCC 12 व्होल्ट, R1 47k, R2 10k, RC 3.3k, RE 1k. बेसवर साधारण 2.1, एमिटरवर 1.4, कलेक्टरवर 7.4 व्होल्ट यायला हवेत, म्हणजे VCE सहाच्या आसपास. VCE 12 दिसला तर ट्रान्झिस्टर कट-ऑफमध्ये आहे; 0.2 दिसला तर सॅच्युरेशनमध्ये. BC547 ची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.
चौथ्या दिवशी 10 मिलिव्होल्टचा सिग्नल देऊन गेन. मग बायपास कपॅसिटर उपसा: गेन घसरून RC/RE, म्हणजे तीनच्या थोडा वर येतो. कारण स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे.
पाचव्या दिवशी फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, सेमी-लॉग पेपरवर. कमाल गेनच्या 0.707 पटीवर आडवी रेघ मारली की बँडविड्थ मिळते.

दिवस ६, ७: ऑप-अ‍ॅम्प. 741 च्या पिना पाठच हव्यात: 2 इन्व्हर्टिंग, 3 नॉन-इन्व्हर्टिंग, 6 आउटपुट, 7 प्लस, 4 मायनस. दोन सप्लायची कॉमन वायर सर्किटच्या ग्राउंडला जोडलीय ना, आधी ते पाहा. स्ल्यू रेट 0.5 V/µs, त्यामुळे 10 व्होल्ट पीकचा साइन साधारण 8 किलोहर्ट्झनंतर त्रिकोणी व्हायला लागतो. इंटिग्रेटर-डिफरन्शिएटर सातव्या दिवशी उरकून टाका.

दिवस ८: वीन ब्रिज, f = 1/(2πRC). 10k आणि 0.01µF घेतले की 1.59 किलोहर्ट्झ. गेन 3 पेक्षा कमी पडला तर ऑसिलेशन सुरूच होत नाही. फार वाढवला तर साइनचे शेंडे कापले जातात.

दिवस ९: मॉक. जोडीदाराने चिठ्ठी काढायची आणि तुमची पाठ असताना एक वायर ढिली करायची. दोष शोधायचा क्रम एकच: सप्लाय, ग्राउंड, डीसी व्होल्टेज, मग सिग्नल. सीआरओ कोरा दिसला तर आधी प्रोब तपासा, सर्किट उचकू नका.

दिवस १०: लॅब नाही. जर्नलच्या सह्या, अनुक्रमणिका, दोन सेमी-लॉग पेपर. संध्याकाळी आठही सर्किट न बघता काढा. जे अडलं तेवढंच पुन्हा वाचा.