विषय: स्टाफरूममधल्या दोन नंबरच्या कॉम्प्युटरवरून प्रत्येक मेल दोनदा जातोय

निकम सर, नमस्कार.

मंगळवारी फोनवर बोललो होतो तोच विषय. तुम्ही म्हणालात, “मॅडम, Send दोनदा दाबलं जात असेल, माउस जुना झालाय.” शंका रास्त होती, म्हणून त्याच संध्याकाळी लॅबमधला नवा माउस आणून लावला. तरी दोन मेल गेले. मग माउस बाजूला ठेवून Ctrl + Enter दाबून पाठवला. तरी दोनच. म्हणजे माझा हात काही कापत नाही, एवढं तरी नक्की झालं.

आधी हे का निकडीचं आहे ते सांगते. ९ वी ब च्या ४३ पालकांना सहलीच्या पैशांचा मेल गेला, तो प्रत्येकाला दोनदा. दुसऱ्या दिवशी गेटवर तीन पालक विचारत होते, “मॅडम, दुसरा हप्ता पण आत्ताच भरायचा का?” बसवाल्यांनी फोन करून विचारलं की बस एक की दोन. बरं झालं विचारलं, नाहीतर दुसऱ्या बसचा अॅडव्हान्स कोणाच्या पगारातून गेला असता कोण जाणे. आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला आम्ही तीन प्रतिकृती पाठवतोय, तिथल्या यादीत आमच्या शाळेच्या नावावर सहा नोंदी आहेत. ते निस्तरायला अर्धा दिवस गेला.

माझ्या Sent मध्ये प्रत्येक मेल एकदाच दिसतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस मला याचा पत्ताच नव्हता. कधीकधी Sent मध्येच दोन प्रती पडतात आणि समोरच्याला एकच जातो असंही होतं, पण इथे त्याच्या उलट आहे. समोरच्याकडे दोन, माझ्याकडे एक.

आता काय काय करून पाहिलं ते. विज्ञान शिकवते, त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदलली आहे.

माझ्याच खात्यात ब्राउझरमधून लॉगिन करून पाठवला, एकच गेला. मोबाइलवरून पाठवला, एकच गेला. म्हणजे खातं आणि सर्व्हर बहुतेक ठीक आहेत. शाळेचं इंटरनेट काढून फोनच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर जोडला आणि मेलच्या प्रोग्राममधून पाठवला, दोन गेले. म्हणजे लाइनचाही दोष नाही. मेल केवढा आहे यानेही फरक पडत नाही. नुसतं “चाचणी” लिहिलेला मेलही दोनदा जातो आणि १२ पानांची पीडीएफ जोडलेलाही.

Send दाबल्यावर मेल Outbox मध्ये एक मिनिटभर तसाच बसून राहतो. खाली कोपऱ्यात अँटिव्हायरसचा चौकोन येतो, त्यात Scanning outgoing mail असं दिसतं. मिनिट झालं की मेल Outbox मधून जातो आणि Sent मध्ये येतो. गंमत म्हणजे समोरच्याला पहिली प्रत तोपर्यंत मिळालेली असते! काल शेजारी बसलेल्या पाटील मॅडमना पाठवून बघितलं. माझ्या Outbox मध्ये मेल अजून दिसत होता आणि त्यांच्या मोबाइलवर टिंग वाजलं होतं.

त्यांच्याकडे आलेल्या दोन्ही प्रतींचा सोर्स उघडून बघितला. Message-ID दोन्हीत तंतोतंत सारखा आहे. सगळ्यात खालची Received ची ओळ मात्र वेगळी आहे:

```
Message-ID: <5f2c1a90@staffroom-2>
Received: from STAFFROOM-2 ... id 7Q41KD; Fri, 21 Nov 2025 11:42:07 +0530
Received: from STAFFROOM-2 ... id 7Q42BX; Fri, 21 Nov 2025 11:43:09 +0530
```

या ओळी खालून वर वाचायच्या असतात, म्हणजे सगळ्यात खालची ती पहिल्या टप्प्याची. त्या टप्प्यावरच आपल्या सर्व्हरने तोच मेल दोन वेगळ्या क्रमांकांनी, ६२ सेकंदांच्या अंतराने घेतलाय. म्हणून तो सर्व्हरवर गेल्यानंतर डबल होतोय असं मला वाटत नाही. इथूनच तो दोनदा दिला जातोय.

हा एक मिनिट कुठून आला ते शोधलं. खात्याच्या Advanced सेटिंगमध्ये Server Timeouts समोर १ मिनिट आहे. ते २ केलं आणि पुन्हा पाठवला. दोन प्रतींमधलं अंतर २ मिनिटं १ सेकंद आलं. परत १ केलं, अंतर परत मिनिटभराचं. (सेटिंग जसं होतं तसंच ठेवलंय, काळजी नसावी.)

माझा अंदाज असा: सर्व्हर मेल घेतो आणि “मिळाला” असं कळवतो, पण ती पोचपावती अँटिव्हायरसपाशी अडकून राहते. प्रोग्राम मिनिटभर वाट बघतो, पोच आली नाही म्हणजे मेल गेलाच नाही असं समजून पुन्हा पाठवतो. दुसऱ्या खेपेला पोच लगेच कशी मिळते हे मात्र माझ्या डोक्याबाहेरचं आहे, ते तुम्ही बघा. माझा भाचा याच क्षेत्रात आहे, तो म्हणाला की RFC 5321 मध्ये या शेवटच्या टप्प्यावर १० मिनिटं थांबायला सांगितलंय. पण १० मिनिटं केली तर प्रत्येक मेल १० मिनिटं Outbox मध्ये बसेल, तो काही इलाज नव्हे.

अँटिव्हायरसवर संशय यायला आणखी एक कारण आहे. १२ नोव्हेंबरला सकाळी १०:२० ला मी मुख्याध्यापकांना पाठवलेला मेल एकच गेला होता, त्यांना विचारून खात्री केली. त्याच दिवशी दुपारी तुमच्याकडचा मुलगा येऊन नवीन अँटिव्हायरस टाकून गेला आणि तीन वाजताचा मेल दोनदा गेला. त्याने तो दोनच कॉम्प्युटरवर टाकला, एक हा आणि दुसरा ऑफिसात भाऊसाहेबांचा. भाऊसाहेबांकडूनही दोन-दोनच जातायत. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात त्यांच्या एकाच पत्राची आवक दोनदा नोंदली गेली, म्हणून ते माझ्याहून जास्त वैतागलेत. एक नंबरच्या कॉम्प्युटरवर डिस्कमध्ये जागा नव्हती, तिथे “उद्या येतो” म्हणून तो मुलगा गेला तो गेलाच. तिथून मात्र मेल एकच जातो. कृपया आपलं हे दुखणं मिटेपर्यंत त्याला तिथे पाठवू नका.

अँटिव्हायरस बंद करून बघितलेला नाही. त्याला तुमचा पासवर्ड लागतो, आणि मुलांचे पेनड्राइव्ह त्या कॉम्प्युटरला लागतात म्हणून तो पूर्ण बंद करावा असं मलाही वाटत नाही. जाणारे मेल तपासण्याचं तेवढंच बंद करता येत असेल तर आधी ते करून बघावं, ही विनंती. आणि प्रोग्राम काढून पुन्हा टाकायचा असेल तर आधी मला सांगा. जुन्या मेलमधले सहामाहीचे गुणतक्ते फक्त त्याच कॉम्प्युटरवर आहेत, त्यांची कॉपी काढून घेते.

तोपर्यंत मी ब्राउझरमधून मेल पाठवतेय, पण पालकांच्या पत्त्यांचे गट प्रोग्राममध्येच आहेत, तिथे ४३ पत्ते एकेक करून टाकावे लागतात. मंगळवारी, २५ तारखेला, सहलीच्या संमतीपत्राचा मेल जायचाय. तो पुन्हा डबल गेला तर गेटवरून मला मागच्या दाराने घरी जावं लागेल.

सोमवारी माझे चौथा आणि सातवा तास मोकळे आहेत. कॉम्प्युटर दूरून बघणार असाल तर ११:३० ते १२:०५ मध्ये फोन करा, स्टाफरूमचा एक्स्टेंशन २१४. प्रत्यक्ष येणार असाल तर किल्ली शिपाईमावशींकडे असते. दोन्ही प्रतींचे पूर्ण सोर्स आणि Outbox चा स्क्रीनशॉट सोबत जोडलाय.

हा मेल ब्राउझरमधून पाठवतेय. तुम्हाला दोन मिळाले तर वरचं सगळं चुकलं असं समजा आणि लगेच फोन करा.

आपली,
जोशी मॅडम
विज्ञान, ९ वी ब वर्गशिक्षिका
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५