माझा बदललेला मोबाइल नंबर आणि माझ्या नावाने येणाऱ्या खोट्या संदेशांबाबत

अमळनेर, दि. ११ मे २०२५

सर्व आप्तेष्ट, भाऊबंद, व्याही मंडळी, मित्र आणि माझे माजी विद्यार्थी यांना सप्रेम नमस्कार.

गुरुवार, दि. ८ मे रोजी संध्याकाळी बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांच्या यात्रेच्या गर्दीत माझा मोबाइल सदऱ्याच्या खिशातून गेला. पडला की कुणी काढून घेतला, हे सांगता येत नाही. पण थोड्याच वेळात मंगलाच्या फोनवरून लावून पाहिला तेव्हा तो बंद लागत होता. तो परत मिळेल ही आशा मी धरलेली नाही. माझा जुना नंबर, ज्याचे शेवटचे चार आकडे २९५८ असे आपल्या ओळखीचे आहेत, तो यापुढे माझा नाही. त्या नंबरवरून आलेला फोन, संदेश, फोटो किंवा पैशांची मागणी यांपैकी काहीही माझे समजू नये.

हा संदेश आपल्याला ज्या नंबरवरून आला आहे, तोच माझा नवीन नंबर असून त्याचे शेवटचे चार आकडे ६०४७ आहेत. पूर्ण नंबर मी मुद्दामच मजकुरात लिहिलेला नाही, कारण असे संदेश एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये पुढे जात राहतात आणि मध्येच कुणी आकडे बदलून स्वतःचा नंबर घातला, तर वाचणाऱ्याला ते कळण्याचा काही मार्ग राहत नाही. म्हणून हा मजकूर आपल्याला दुसऱ्या कुणी पाठवला असेल, तर पाठवणाऱ्याच्या भरवशावर माझा नंबर साठवू नका. आपल्याकडे मंगलाचा नंबर पूर्वीपासून आहे, तो बदललेला नाही. तिला फोन करा, ती माझा नंबर तोंडी सांगेल. आज संध्याकाळी हाच मजकूर तिच्या नंबरवरूनही भाऊबंदांच्या ग्रुपवर येईल, तो पाहून खात्री करून घ्यावी.

थोडक्यात, माझ्या या संदेशावरही लगेच विश्वास ठेवू नका, अशीच माझी विनंती आहे. 'माझा फोन हरवला, हा नवा नंबर सेव्ह करून घ्या' हे वाक्य फसवणूक करणारेही लिहितात आणि पुष्कळदा त्यांची सुरुवातच तिथून होते. आधी मला फोन लावा, आवाज ऐका, दोन शब्द घरचे बोला आणि मगच नंबर साठवा. आपल्यापैकी बहुतेकांशी मी अहिराणीतच बोलतो, हे आपल्याला ठाऊक आहे. एरवी कधी न बोललेल्या शुद्ध हिंदीत किंवा इंग्रजीत माझ्या नावाने कुणी 'अर्जंट' म्हणून लिहू लागला, तर तेवढ्यावरूनच शंका घ्यावी.

हे इतके लांबवून लिहिण्याचे कारण घडलेला प्रकार आहे. शुक्रवारी दुपारी सुरतेला उधन्यात राहणाऱ्या आमच्या भाच्याला माझ्या जुन्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर संदेश आला की मामींना दवाखान्यात दाखल केले आहे, माझे बँकेचे ॲप चालत नाही, पंधरा हजार रुपये खाली दिलेल्या क्यूआर कोडवर टाक, उद्या सकाळी परत करतो. फोटो माझा, नाव माझे, नंबरही माझाच. पोराने पैसे टाकण्याआधी थेट मामीलाच फोन लावला आणि मामी त्या वेळी गच्चीवर कुरडया वाळत घालत होती, म्हणून ते पैसे वाचले. त्याच दिवशी आमच्या शाळेतील एका निवृत्त सहकाऱ्यांनाही असाच संदेश आला. त्यांनी 'फोन करा' असे उत्तर दिल्यावर समोरून पुन्हा काही आले नाही.

फोन बंद लागत असताना व्हॉट्सॲप कसे चालले, असे अनेकांनी विचारले. हरवलेल्या फोनमधील सिमकार्ड काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घातले की त्या नंबरवर येणारा सहा आकडी कोड नव्या हँडसेटवर येतो आणि तेवढ्याने तिथे व्हॉट्सॲप सुरू होऊ शकते. जुने संदेश त्याला दिसत नसले, तरी आपले ग्रुप आणि त्यांतील सदस्यांचे नंबर त्याच्यासमोर येतात. पुढे कंपनीने सिम बंद केले, तरी एकदा सुरू झालेले व्हॉट्सॲप वायफायवर चालू राहू शकते. त्यामुळे सिम बंद झाले म्हणजे धोका टळला, असे कृपया समजू नका. मी व्हॉट्सॲपकडे ईमेलने जुने खाते निष्क्रिय करण्याची विनंती केली आहे. तरीही तोपर्यंत आणि त्यानंतरही जुन्या नंबरवरून आलेल्या कुठल्याही संदेशाला उत्तर देऊ नये. 'कोण आहेस तू' असे विचारून त्याला बोलण्यात गुंतवण्याचा मोह काही तरुण मंडळींना होईल, तोही आवरावा. संदेशाचा स्क्रीनशॉट काढून मला पाठवा, तो पोलिसांना देता येईल, आणि मग नंबर रिपोर्ट करून ब्लॉक करा.

तोच नंबर डुप्लिकेट सिम घेऊन पुन्हा का सुरू केला नाही, हा दुसरा प्रश्न. ते सिम फार पूर्वी आमच्या दिवंगत वडिलांच्या नावाने घेतलेले होते, आणि डुप्लिकेट सिमसाठी ज्याच्या नावावर ते आहे त्याची ओळख पटवावी लागते. वारसांची कागदपत्रे जमवत बसण्यापेक्षा स्वतःच्या नावाने नवीन नंबर घेणे मला योग्य वाटले. तात्यांच्या नावाचा नंबर गेला याचे वाईट वाटते, पण इलाज नाही. इथे एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागेल. बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही, पण त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. म्हणजे काही महिन्यांनी त्या नंबरवर एखादी अगदी सरळ, निरपराध व्यक्ती फोन उचलेल आणि आपण मात्र मला समजून तिला घरच्या गोष्टी किंवा कागदपत्रांचे फोटो पाठवत बसाल. यासाठी जुना नंबर नुसता बाजूला न ठेवता आपल्या फोनमधून पुसून टाकावा. ज्या ग्रुपचे ॲडमिन आपण आहात, त्या ग्रुपमधून तो आजच काढावा. विशेषतः भाऊबंदांचा ग्रुप, दहावीच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप आणि लग्नाच्या तयारीसाठी केलेला नवा ग्रुप यांतून. माझा नवा नंबर ग्रुपमध्ये घेण्यापूर्वीही ॲडमिनने मला एकदा फोन करावा.

लग्नाचा विषय निघाला म्हणून त्याबद्दल वेगळे सांगतो. पुतणीचे लग्न २५ मे रोजी धुळ्याला आहे, हे आपणा सर्वांना माहीत आहे आणि आता ते त्या चोरालाही माहीत असण्याची शक्यता आहे. लग्नपत्रिका म्हणून एक फाइल पाठवायची, ती उघडताच फोनमध्ये एखादे ॲप बसवून घ्यायचे आणि त्यातून येणारे ओटीपी वाचायचे, असा फसवणुकीचा प्रकार सध्या सर्रास चालतो. अशा फाइलच्या नावाच्या शेवटी .apk असे लिहिलेले असते. आमच्या घरची पत्रिका आम्ही हातात, कुंकू लावूनच देणार आहोत. जे सुरत, पुणे किंवा नाशिकला आहेत त्यांना पत्रिकेचा साधा फोटो मंगलाच्या नंबरवरून जाईल. त्याखेरीज माझ्या नावाने पत्रिका, फोटो अल्बम किंवा हॉलचा पत्ता म्हणून कोणतीही फाइल किंवा लिंक आली, तर ती उघडू नये. आहेर किंवा मांडवाचा खर्च ऑनलाइन पाठवा, असेही आम्ही कुणाला सांगितलेले नाही आणि सांगणार नाही.

मी कुणाकडेही संदेश पाठवून पैसे मागणार नाही. खरोखर अडचण आली, तर घरी येईन किंवा फोनवर बोलेन, आणि त्यानंतरही आपण मंगलाला विचारून खात्री केलीत तर मला राग येणार नाही. तसेच 'माझा कोड चुकून तुमच्या फोनवर आला आहे, तेवढा सांगा' असे माझ्या नावाने कुणी म्हटले, तर तो कोड माझा नसून तुमच्याच व्हॉट्सॲपचा असतो, हे ध्यानात घ्यावे. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जातात. *401* किंवा *21* ने सुरू होणारा एखादा नंबर डायल करायला सांगितला, तर तेही करू नका, कारण त्याने आपले फोन दुसऱ्याच्या नंबरकडे वळू शकतात.

माझ्याकडून जे करायचे ते केले आहे. पोलीस ठाण्यात तक्रार देऊन तिची प्रत घेतली आहे. फोनच्या खोक्यावर आयएमईआय क्रमांक होता, त्यावरून शासनाच्या ceir.gov.in या संकेतस्थळावर हँडसेट ब्लॉक करण्याची विनंती नोंदवली आहे. बँकेला कळवून यूपीआय आणि मोबाइल बँकिंग थांबवले असून नवीन नंबर खात्याला जोडण्यासाठी मंगळवारी शाखेत जाणार आहे. ज्यांनी आपापला आयएमईआय कुठेही लिहून ठेवलेला नाही, त्यांनी फोनवर *#06# डायल करून तो पाहावा आणि घरच्या डायरीत उतरवून ठेवावा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिनही लावून घ्यावा; तो लावलेला असला की नुसत्या सिमवर दुसऱ्याला आपले खाते लगेच उघडता येत नाही.

माझ्या नावाने आलेल्या संदेशावर कुणी यापूर्वीच पैसे पाठवले असतील, तर संकोच न करता तातडीने १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्यापूर्वी तक्रार गेली, तर ते थांबवता येण्याची शक्यता असते, म्हणून आधी मला विचारून मग तक्रार करू, अशी वाट पाहू नये. cybercrime.gov.in या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

आमच्या कुटुंबातील काही वडीलधारी मंडळी व्हॉट्सॲप पाहतात, पण एवढे मोठे लिखाण वाचणार नाहीत. पारोळ्याच्या आक्का, शिरपूरचे जिभाऊ आणि चोपड्याच्या मावशी यांच्या घरातील मुला-सुनांनी हे त्यांना वाचून दाखवावे, त्यांच्या फोनमधील माझा जुना नंबर स्वतः पुसावा आणि माझा नवीन नंबर, मला फोन लावून खात्री केल्यावर, 'प्रकाश नवीन' या नावाने घालून द्यावा. जुन्या फोनबरोबर माझ्याकडील सर्वांचे नंबरही गेले आहेत. आपण फोन केलात की लगेच नाव विचारीन. ओळख विसरलो असे कृपया समजू नये. दुपारी एक ते तीन सोडून केव्हाही फोन करावा.

आपला,
प्रकाश
(अमळनेर)