सातवीच्या मुलांच्या सर्वेक्षणासाठी नैतिक मान्यतेचा अर्ज (संमतीपत्रं आणि माहिती साठवण्याच्या योजनेसह)

प्रति, संशोधन नीती समिती

मी बी.एड. दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका, मेथड गणित. इंटर्नशिपच्या शाळेत सातवीच्या दोन तुकड्यांना शिकवतेय. शंका असूनही मुलं गणिताच्या तासाला हात का वर करत नाहीत, हे त्यांनाच विचारायचंय. पट ७४, वय साधारण १२-१३. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षकांची लेखी परवानगी सोबत जोडलीय, मार्गदर्शक मॅडमनी प्रश्नावली वाचून सही केलीय.

प्रश्न १४, त्यातले १२ नुसते टिक करायचे आणि २ मध्ये दोन ओळी लिहायच्या. वेळ २० मिनिटं, लायब्ररीच्या तासाला, म्हणजे शिकवणं बुडत नाही. मार्क, जात, घरचं उत्पन्न, मुलगा की मुलगी यातलं काहीच विचारलेलं नाही कारण माझ्या प्रश्नाला त्याची गरज नाही. "शिक्षक रागावतात म्हणून" हा पर्याय ठेवलाय पण कुठले शिक्षक ते विचारत नाही.

सगळ्यात मोठी अडचण मी स्वतः आहे. मी त्यांची टीचर, वह्या तपासते, मग मी कागद वाटले तर नाही कोण म्हणणार? आणि अक्षर तर मी बघताक्षणी ओळखते. म्हणून त्या तासाला मी वर्गात नसेन, दुसऱ्या मेथडची मैत्रीण कागद वाटेल आणि गोळा करेल, दोन लेखी उत्तरं तीच टाइप करेल आणि मला फक्त टाइप केलेलं मिळेल. ज्यांच्या पालकांची संमती नाही त्यांना तशाच दिसणाऱ्या पाकिटात गणिती कोड्यांचा कागद. ज्या मुलाला स्वतःलाच भाग घ्यायचा नाही त्यालाही तेच पाकीट, मागितलं की लगेच, कारण न विचारता. सगळे काहीतरी लिहितायत, सगळे पेटीत टाकतायत, त्यामुळे वेगळं कोणी पडत नाही. बक्षीस, चॉकलेट, जादा मार्क काही नाही.

कागदावर नाव नाही, नुसता नंबर. तोच नंबर फाडून घ्यायच्या चिठ्ठीवर, ती मुलाकडेच राहते. ७ दिवसांत चिठ्ठी ऑफिसबाहेरच्या पेटीत टाकली की मैत्रीण तो कागद काढून टाकेल. कुठला नंबर कोणाचा याची यादी आम्ही बनवतच नाही. याची दुसरी बाजूही आहे, कोणी मारहाणीबद्दल वगैरे लिहिलं तर ते मूल कोण हे आपल्याला कळणार नाही. अशा वेळी मैत्रीण त्याच दिवशी मुख्याध्यापकांना तुकडी आणि मजकूर सांगेल, आणि शाळेच्या समुपदेशक दोन्ही तुकड्यांशी बोलतील. हे मुलांना आधीच सांगितलेलं असेल.

पालकांसाठी संमतीपत्र

नमस्कार. मी आपल्या पाल्याला गणित शिकवणारी छात्राध्यापिका. गणितात शंका विचारायला मुलांना काय अडतं यावर २० मिनिटांची लेखी प्रश्नावली आहे. नाव लिहायचं नाही. भाग घेतला काय, नाही घेतला काय, मार्कांवर किंवा शाळेतल्या वागणुकीवर काहीही फरक पडणार नाही. प्रश्नावली ऑफिसात ठेवलीय, येऊन वाचू शकता. कागद परत आला नाही तर तुमचा नकार आहे असंच मी समजेन.
☐ माझ्या पाल्याने भाग घ्यायला हरकत नाही ☐ भाग घेऊ नये
पालकांची सही, पाल्याचं नाव, तारीख

मुलांसाठी (मैत्रीण मोठ्याने वाचेल)

हा पेपर नाही, चूक-बरोबर काही नाही. घरून हो म्हटलं असेल तरी तुला नको असेल तर नको, कोड्यांचं पाकीट माग. एखादा प्रश्न सोडला तरी चालेल, मध्येच थांबलास/थांबलीस तरी चालेल. तुझ्या टीचर तुझा कागद बघणार नाहीत. कोणी त्रास देतंय असं लिहिलंस तर आम्ही ते मुख्याध्यापकांना सांगू, पण तू कोण ते आम्हाला कळणार नाही, म्हणून मदत हवी असेल तर समुपदेशक बाईंना स्वतः जाऊन सांग.
☐ मला भाग घ्यायचाय (इथे सही नको, टिक पुरे)

माहिती कुठे, किती दिवस

कागद मार्गदर्शक मॅडमच्या कुलपाच्या कपाटात. संमतीपत्रांवर नावं आहेत म्हणून ती ऑफिसच्या वेगळ्या कपाटात, दोन्ही कधीच एकत्र नाहीत. गूगल फॉर्म मुद्दाम टाळलाय, मुलं पालकांच्या ईमेलने लॉगिन करतात आणि मग निनावी काय राहिलं. टाइप केलेली एक्सेल फाइल कॉलेजच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकून एन्क्रिप्ट केलेली, एक बॅकप एन्क्रिप्टेड पेनड्राइव्हवर मॅडमकडे. मोबाइलवर फोटो नाही, व्हॉट्सअॅपवर काही नाही. पासवर्ड फक्त मला आणि मॅडमना. टाइप करताना कोणाचंही नाव आलं तर तिथे "एक शिक्षक", "एक मित्र" असं लिहायचं.

रिपोर्टमध्ये ५ पेक्षा कमी मुलांचा आकडा वेगळा दाखवणार नाही. शाळेचं नावही नाही. निकाल लागल्यावर कागद श्रेडरमध्ये, फाइल आणि संमतीपत्रं आणखी १ वर्ष आणि मग तीही नष्ट, त्याची नोंद मॅडमच्या सहीने समितीकडे. मुलांना मुख्य निष्कर्ष अर्ध्या पानात वाचून दाखवेन.

मान्यता हातात येईपर्यंत संमतीपत्रंही वाटणार नाही. प्रश्नावलीत नंतर काही बदललं तर पुन्हा समितीकडे येईन.

अर्जदार छात्राध्यापिका, बी.एड. दुसरं वर्ष