सांबारवडीची कढई : दहा सेकंदांच्या व्हिडिओसाठी प्रॉम्प्ट

दहा सेकंदांचा, मध्ये कोठेही कट नसलेला, उभ्या चौकटीतला (९:१६) वास्तवदर्शी व्हिडिओ तयार करावा. डिसेंबरमधली संध्याकाळ, साडेसातचा सुमार, नागपूरच्या गोकुळपेठ बाजारालगतचा एक ठेला आणि त्या ठेल्यावरची लोखंडी कढई, एवढाच या दृश्याचा विस्तार आहे. कढईत सांबारवडी तळली जात आहे. ही वडी म्हणजे बेसन आणि मैद्याच्या पातळ पारीत बारीक चिरलेली कोथिंबीर, किसलेले सुके खोबरे, खसखस आणि हिरवी मिरची भरून, लिफाफ्यासारख्या घड्या घालून बंद केलेला बोटभर लांबीचा पुडा होय. दक्षिणेकडचा सांबार-वडा येथे अभिप्रेत नाही. मध्ये भोक असलेला गोल वडा किंवा डाळीचा रस्सा चौकटीत कोठेही येऊ नये.

कॅमेरा कढईच्या काठापेक्षा जेमतेम वीतभर वर असावा आणि तेलाच्या पृष्ठभागाकडे साधारण वीस अंशांच्या कोनातून पाहत असावा, म्हणजे तेल सपाट पिवळ्या वर्तुळासारखे न दिसता खोली असलेल्या, हलत्या, चकाकत्या पृष्ठभागासारखे दिसेल. १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, छिद्र एफ २.८, विषयापासूनचे अंतर सुमारे अर्धा मीटर, असा परिणाम हवा. या अंतरावर फुल-फ्रेम कॅमेऱ्यात फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम चार मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो चित्रात तसाच जाणवला पाहिजे: वडीची कॅमेऱ्याकडची कड, तिच्यावर उमटलेले बारीक फोड आणि पारीतून डोकावणारा कोथिंबिरीचा एखादा गडद हिरवा कण हे सर्व सुस्पष्ट असावे, पण त्याच वडीची मागची कड मात्र मऊ होत गेलेली असावी. संपूर्ण वडी स्पष्ट आणि फक्त पार्श्वभूमी धूसर, असे कापून चिकटवल्यासारखे चित्र चालणार नाही.

सुरुवातीच्या दोन सेकंदांत एका मध्यमवयीन विक्रेतीचा हात उजवीकडून चौकटीत येतो. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या आहेत, करड्या स्वेटरची बाही कोपराकडे सरकवलेली आहे, बोटांना बेसनाचे पीठ लागलेले आहे. वडी वरून टाकली जात नाही. ज्यांचा हात बसलेला असतो ते ती कढईच्या आतल्या उतारावरून अलगद तेलात सोडतात, आणि येथेही ती तशीच सुटावी. हाताला पाचच बोटे असावीत आणि वडी सुटताच हात चौकटीबाहेर जावा. चेहरा दाखवू नये.

वडी तेलात शिरताच तिच्या चारही कडांनी बारीक, पांढरट बुडबुड्यांची झालर उठते, कारण कोथिंबिरीतले पाणी उकळून वाफेच्या रूपाने बाहेर पडू लागते. बुडबुडे वडीभोवतीच दाट असावेत. कढईच्या लांबच्या काठाशी तेल तुलनेने शांत राहिले पाहिजे, कारण तेथे उकळण्यासारखे पाणीच नसते. शेजारी आधी सोडलेल्या दोन वड्या तांबूस सोनेरी झालेल्या दिसाव्यात, आणि त्यांतले पाणी बरेचसे निघून गेल्यामुळे त्यांच्याभोवतीचे बुडबुडे विरळ आणि संथ असावेत. नवी वडी फिकट, जुन्या वड्या खरपूस, हा फरक रंगाइतकाच बुडबुड्यांतूनही कळावा.

चौथ्या सेकंदाला तोच हात, उभी चीर दिलेल्या, नुकत्याच धुतलेल्या दोन हिरव्या मिरच्या तेलात टाकतो. या क्षणापासून गती मंदावावी, सेकंदाला १२० फ्रेमने टिपलेले दृश्य २४ फ्रेमने दाखवावे, आणि हा मंद भाग तीन सेकंद चालावा. मिरचीवरचे पाणी तेलाच्या पृष्ठभागाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि वरचे तेल उडवून लावते. या दृश्यात ठिणग्यांसारखे जे उडताना दिसेल ते म्हणजे हेच तेलाचे थेंब आहेत. काही खसखशीएवढे, थोडे मोहरीएवढे, वक्र मार्गाने वर जाणारे आणि त्याच वक्राने खाली येणारे असे ते असावेत. एक-दोन थेंब कढईच्या काठावर पडून तेथेच थबकावेत. फोकसच्या पातळ पट्ट्यातून जाणारा थेंब काचेच्या मण्यासारखा स्वच्छ दिसावा आणि त्या पट्ट्याबाहेर पडताच तो प्रकाशाच्या मऊ चकतीत विरावा. थेंबांची चकाकी फक्त मागच्या दिव्यामुळे आहे, ते स्वतः पेटलेले नाहीत. वेल्डिंगच्या ठिणग्या, फटाक्यांचे फवारे किंवा कढईवर झेपावणारी ज्वाळा आली तर सारा शॉट फसला असे समजावे. थेंबांची संख्याही आवरती ठेवावी, डोळा एकेका थेंबामागे जाऊ शकला पाहिजे.

वाफ आणि थेंब यांची चाल एकमेकांपासून वेगळी ठेवणे हे या दृश्यातले सर्वांत नाजूक काम आहे. थेंब जड आणि कडक कडेचे असून ते परत खाली येतात. वाफ मात्र मऊ आणि अर्धपारदर्शक असून ती वर चढत, वळत, तुटत जाते. तेलाला अगदी चिकटून ती दिसू नये. दोन-तीन बोटे वर गेल्यावर थंड हवेत ती पांढरी व्हावी आणि डावीकडून येणाऱ्या हलक्या वाऱ्याने उजवीकडे कलावी. निळसर, जड धूर नको, तो जळलेल्या तेलाचा असतो आणि अशा ठेल्यावर कोणी थांबणार नाही.

मुख्य प्रकाश एकच आहे: कढईच्या मागे, किंचित डावीकडे, ठेल्याच्या आडव्या दांडीला टांगलेला पिवळसर एलईडी बल्ब, जो स्वतः चौकटीत येत नाही. वाफ आणि थेंब दोन्ही मागून उजळतात, म्हणून त्यांच्यामागचा भाग गडदच हवा. पुढून अगदी थोडा प्रकाश कढईच्या काळ्या, तेलकट काठाची कड दाखवण्यापुरता असावा. खाली शेगडीच्या निळ्या ज्योतीची एक पुसट रेघ पुरेशी आहे.

पार्श्वभूमीत शेजारच्या हातगाडीवरची अंबिया बहराची संत्री केवळ नारिंगी गोलसर डाग म्हणून दिसावीत आणि एखाद्या ऑटोचा हेडलाइट उजवीकडून डावीकडे सरकून जावा. नागपूर म्हटले की संत्री पुढे आणून ठेवण्याचा मोह होतोच, पण येथे तो आवरावा. कोणतीही पाटी वाचता येईल इतकी स्पष्ट नको, कारण देवनागरी अक्षरे वेडीवाकडी उमटली की विश्वास तेथेच उडतो.

सातव्या सेकंदाला गती पूर्ववत व्हावी. या संपूर्ण काळात कॅमेरा न थरथरता, जेमतेम चार बोटे पुढे सरकतो. शेवटी लोखंडी झारा येऊन तयार वड्यांपैकी एक उचलतो, आणि फोकस नव्या वडीवरून झाऱ्यातल्या वडीच्या खरपूस कडेवर सावकाश सरकतो. तेल निथळत असतानाच व्हिडिओ संपावा.

आवाजात वडी सुटताना दबका चर्रकार, मिरच्या पडताच मोठा तडतडाट आणि मागे रहदारीचा अस्पष्ट गलका असावा. संगीत, निवेदन, उपशीर्षके आणि लोगो नकोत.